परीक्षा विभागाची उदार २० मिनिटे

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांस लेखी परीक्षेत दर तासामागे किमान २० मिनिटे भरपाईदाखल द्यावीत, असे केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे आमच्या परिचयाच्या एका परीक्षा विभागाने तसा हुकूम काढला, त्याच्या प्रती सर्व संबंधितांस रवाना केल्या आणि कर्तव्य तडीस गेल्याच्या समाधानात दप्तर बांधून ठेवले. परीक्षा ज्या यंत्रावर व्हावयाची त्यास मात्र प्रत धाडण्याचे राहून गेले; आणि यंत्राचा स्वभाव असा की, जावक क्रमांक पाहून ते दबत नाही.

परीक्षा मूडल प्रणालीवर, सकाळी दहा ते अकरा. हातांच्या कंपामुळे टंकनास विलंब लागणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या नावे कारकुनाने ऐनवेळी Overrides या पानावर Time limit ६० मिनिटांवरून ८० केली खरी, परंतु त्याच पानावरील Close the quiz या रकान्यातील अकराच्या ठोक्यास हात लावला नाही. या दोन मुदतींपैकी जी आधी संपेल तीच मूडल मानते. त्यामुळे अकरा वाजता अर्धवट उत्तरपत्रिका आपोआप जमा झाली, आणि ८० मिनिटे दिल्याचा सचित्र पुरावा विभागाच्या हाती असल्याने चौकशी समितीने दोष विद्यार्थिनीच्या वेळेच्या नियोजनावर ठेवला. वास्तविक एका चाचणी खात्यास तीच सवलत देऊन दहा वाजताची परीक्षा उघडून पाहिली असती, तर घड्याळ ८० ऐवजी ६० वरून उतरताना दिसले असते आणि समाप्तीची वेळ ११.२० करून प्रकरण मिटले असते. पण मग समितीच्या भत्त्याचे काय?

विश्रांतीचे प्रकरण याहून नाजूक. मूडलचे घड्याळ मध्येच थांबत नाही, म्हणून १० मिनिटांची विश्रांती मंजूर झाल्यास मुदत ९० मिनिटे आणि समाप्ती ११.३० अशी दोन्ही ठिकाणी नोंदवावी लागते. तेवढ्यानेही भागत नाही, कारण कॅमेऱ्यातून पहारा देणारी प्रणाली उमेदवार चौकटीबाहेर गेल्याची नोंद करते, आणि पर्यवेक्षकास पूर्वसूचना नसल्यास पाठ टेकावयास गेलेली मुलगी कॉपीबहाद्दर ठरते.

नोकरीच्या मुलाखतीची कथा थोडक्यात सांगतो. झूमच्या खात्यात Automated captions ही सोय आयोजकाने आधी सुरू केलेली नव्हती, म्हणून कर्णबधिर उमेदवारास कॅप्शनचे बटण दिसेना. ते दिसू लागल्यावर मुलाखत मंडळाचे तिन्ही सदस्य एकाच वेळी, मराठीत आरंभ करून इंग्रजीत शेवट करीत बोलू लागले आणि पडद्यावर अक्षरांची खिचडी उमटली. एकेकाने बोलावे व प्रश्न चॅटमध्ये टंकून द्यावा, ही उमेदवाराची साधी विनंती अध्यक्षांनी नियमबाह्य ठरविली, कारण लेखी दिलेला प्रश्न दप्तरी राहतो. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती: त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘तुम्हांला ऐकू येत नाही, मग कचेरीतला फोन कोण उचलणार?’’ हा होता.