45 च्या वरची रजा

कंपनीचे एखादे धोरण बदलले की ते कर्मचाऱ्यांना कळवण्यासाठी पाच-सहा स्लाइडांची सरकती मालिका काढतात. तिला कॅरोसेल म्हणतात. ती टीम्सवर येते, इंट्रानेटवर येते आणि कँटीनमधल्या टीव्हीवर दिवसभर आपोआप फिरत राहते. तिने तीन गोष्टी सांगायच्या असतात: काय बदलले, कोणाला लागू आहे आणि शंका कुठे विचारायची. पूर्वी हे काम नोटीस बोर्डावरचा एक कागद करीत असे. त्याच्यावर तारीख असे, खाली कोणाची तरी सही असे, आणि टाचणी गंजेपर्यंत तो तिथेच असे. कॅरोसेलवर यांपैकी काही असेलच असे नाही. ग्रेडियंट मात्र असतो.

ऑफिस खराडीला आणि कारखाना चाकणला अशी पुण्यातली एक मध्यम आकाराची कंपनी उदाहरणादाखल घेऊ. बदल आहे अर्जित रजेचा. ऑफिसात तिला सगळे पीएल म्हणतात. आजवर 60 दिवसांपर्यंत शिल्लक पुढच्या वर्षात नेता येत होती. 1 जानेवारी 2027 पासून 45 च दिवस नेता येईल. ज्यांची शिल्लक 45 च्या वर आहे त्यांनी वरचे दिवस 31 डिसेंबर 2026 पर्यंत वापरायचे. अर्ज वेळेत केला आणि कंपनीनेच रजा नाकारली तर त्या दिवसांचे पैसे मिळतील, अर्ज केलाच नाही तर ते दिवस लॅप्स. सगळा बदल एवढाच आहे आणि तो पोस्टकार्डावर मावतो. पण पोस्टकार्डाला एंगेजमेंट नसते, म्हणून कम्युनिकेशन टीमकडे काम जाते आणि सहा स्लाइडा होतात.

पहिली स्लाइड बहुधा वाया जाते. तिच्यावर समुद्रकिनारा, नारळाचे झाड, दोन झाडांमध्ये बांधलेला झोपाळा आणि ‘तुमच्या सुट्ट्यांचा नवा प्रवास!’ असे शब्द असतात. रजा कमी होणार हे सांगायला रजेचेच चित्र वापरण्याची ही पद्धत आता इतकी रुळली आहे, की अनुभवी कर्मचारी नारळाचे झाड दिसताच आपली शिल्लक तपासायला घेतो. खरे तर या स्लाइडवर एकच वाक्य पुरे: ‘1 जानेवारी 2027 पासून पीएल 60 ऐवजी 45 दिवसच पुढे नेता येईल.’ हे वाक्य पहिल्यावरच का, तर पुढच्या स्लाइडांपर्यंत सगळे पोहोचत नाहीत. टीव्हीवर एक स्लाइड सहा-सात सेकंद थांबते. मायक्रोवेव्हपाशी डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जे दिसेल तेवढेच धोरण तो जागेवर घेऊन जातो, आणि शेजाऱ्याला सांगताना त्यात स्वतःची थोडी भर घालतो.

दुसऱ्या स्लाइडवर ‘आधी’ आणि ‘आता’ असे दोन रकाने हवेत. ही सर्वांत उपयोगाची, आणि म्हणून सर्वांत धोक्याची स्लाइड. लोक हिचाच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात. तिथे ती पहिल्या आणि तिसऱ्या स्लाइडशिवाय फिरते. संध्याकाळपर्यंत चाकणच्या कारखान्यात बातमी पोहोचते, की आपली 15 दिवसांची रजा कापली. प्रत्यक्षात कारखान्याची रजा वेगळ्या कायद्याखाली येते आणि या बदलाशी तिचा संबंध नाही. उपाय सोपा आहे. कोणत्याही स्लाइडचा एकटीचा फोटो निघणार हे धरून चालायचे आणि प्रत्येक स्लाइडच्या खालच्या पट्टीत ‘फक्त खराडी ऑफिस, 1 जानेवारी 2027 पासून’ असे छापायचे. डिझायनर याला विरोध करतो, कारण पट्टीमुळे लेआउट श्वास घेत नाही. चाकणच्या एचआरचा त्या दिवशीचा श्वास त्याने पाहिलेला नसतो.

मराठी आवृत्ती काढली तर आणखी एक तपासणी लागते. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मजकूर बाहेरून आणून चिकटवला की जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाऊन बसते. ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र सर्वांत आधी बळी पडतो. स्लाइडला मान्यता देणाऱ्या पाच जणांपैकी चौघांनी इंग्रजी आवृत्तीच पाहिलेली असते आणि पाचव्याने लोगोचा आकार.

तिसरी स्लाइड म्हणजे कोणाला लागू. ‘सर्व पात्र कर्मचाऱ्यांना’ एवढे लिहून ती संपवण्याचा मोह मोठा असतो, कारण या तीन शब्दांत चूक कोणालाच दाखवता येत नाही. त्यातून कळतही काही नाही. इथे माणसांचे गट सांगावे लागतात. शिल्लक 45 च्या आत असेल त्याला यंदा काही करायचे नाही. शिल्लक 46 ते 60 असेल त्याला डिसेंबर संपायच्या आत हालचाल करायची आहे, आणि सगळी कॅरोसेल खरे पाहता याच्यासाठीच आहे. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईंची शिल्लक पडून असते आणि लॅपटॉप बंद असतो. त्यांना कॅरोसेल दिसतच नाही, त्यांना फोन करावा लागतो. नोटीस पीरियडवर असलेल्याचा हिशेब फुल अँड फायनलमध्ये होणार असतो. तो मात्र सगळ्या स्लाइडा मन लावून वाचतो, कारण त्याच्याकडे वेळ असतो.

पँट्रीतली मुले कंत्राटदाराच्या पेरोलवर असतात. त्यांना हे धोरण लागू नाही, पण टीव्ही त्यांच्याच समोर असतो.

‘मॅडम, आमच्या पण सुट्ट्या कापणार का?’

‘नाही रे, तुमच्या सुट्ट्या कंत्राटदाराकडे.’

‘असं होय. म्हणजे आधी आहेत का ते विचारायला पाहिजे.’

चौथी स्लाइड तारखांची. सगळी मेख इथे आहे, आणि सजावटीच्या भानगडीत तिच्याकडेच दुर्लक्ष होते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे, ती वर्षअखेरीस संपते. वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणजे कंपनी कायद्यापेक्षा उदार होती, ती आता कायद्याएवढीच उदार राहणार आहे. ‘जागतिक दर्जाच्या पद्धतींशी सुसंगत’ या शब्दांचा इथे एवढाच अर्थ. पण त्याच कायद्यात पुढे असे आहे, की 15 दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. व्यवस्थापकीय पदावरची मंडळी या कायद्याच्या बाहेर आहेत. त्यामुळे रजा नाकारणाऱ्याला तो हक्क नाही, ज्याची नाकारली त्याला आहे. कायद्यातही क्वचित विनोदबुद्धी दिसते ती अशी.

आता अकाउंट्समधल्या एका बाईंचा हिशेब मांडून पाहू. त्यांची शिल्लक 58, म्हणजे 13 दिवस जास्त. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी वगळली तर 31 डिसेंबर 2026 च्या आत 13 दिवस घ्यायला त्यांना सोमवार, 14 डिसेंबरपासून घरी बसावे लागेल. त्याच्या 15 दिवस आधी रविवार येतो, म्हणून अर्ज शुक्रवार, 27 नोव्हेंबरपर्यंत पडला पाहिजे. कॅरोसेल मात्र आली शुक्रवार, 18 डिसेंबरला, संध्याकाळी पावणेसातला. त्या क्षणी सिस्टीममध्ये कामाचे आठच दिवस उरलेले आणि वाचवायची रजा तेरा दिवसांची. 15 दिवस आधी अर्ज करणे तर पंचांग बदलल्याशिवाय अशक्य. सोमवारी सकाळी 46 ते 60 गटातल्या सगळ्यांचे अर्ज एकदम पडतात, मॅनेजर क्लोजिंगचे कारण सांगून ते नाकारतो, आणि ‘वेळेत अर्ज केला असता तर पैसे मिळाले असते’ हे उत्तर ऐकायला सगळे तयार होतात.

म्हणून अशा बदलाची कॅरोसेल कधी काढायची हे डिझाइन सुरू होण्याआधी ठरवावे लागते. 2026 ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आहे. ऑक्टोबरच्या मध्यात बातमी दिली तर निम्मे लोक जास्तीचे दिवस दिवाळीला जोडून गावी जातील आणि प्रश्न न विचारता प्रश्न सुटेल. चौथ्या स्लाइडवर मग दोनच तारखा पुरतात: अर्जाची शेवटची आणि शिल्लक कापली जाण्याची.

पाचवी पैशांची. ‘नियमानुसार मोबदला’ असे लिहिले, की बाई लगेच कॅल्क्युलेटर काढतात. मूळ पगार 39,000 असेल तर 26 ने भागून दिवसाला 1,500 रुपये, 13 दिवसांचे 19,500. 30 ने भागले तर दिवसाला 1,300 आणि एकूण 16,900. फरक 2,600 रुपयांचा, आणि तो कशाने भागायचे या एका आकड्यावर अवलंबून. तो आकडा स्लाइडवर पाहिजे. रकमेवर आयकर लागतो हेही तिथेच सांगावे. नोकरीत असताना रजेचे पैसे घेतले तर ते पगारच धरले जातात. आयकरातली सवलत निवृत्तीच्या किंवा नोकरी सोडण्याच्या वेळची असते. हे आधी सांगितले नाही तर जानेवारीची पगारपत्रिका हातात पडल्यावर तेवढ्यासाठी वेगळी मालिका काढावी लागते, आणि ती कँटीनमध्ये आवाजी असते.

शेवटची स्लाइड कुठे विचारायचे याची. तिच्यावर एक क्यूआर कोड असतो. टीव्हीवर तो काडेपेटीएवढा दिसतो; खुर्चीवर चढून स्कॅन केला तर लॉगिन मागतो. लॉगिन केले की हेल्पडेस्क उघडतो, त्यातल्या विभागांच्या यादीत ‘प्रिंटर’ आणि ‘पार्किंग’ असते, ‘रजा’ नसते. तिकीट ‘इतर’मध्ये टाकावे लागते आणि दोन दिवसांनी ‘रिझॉल्व्ह्ड’ होऊन परत येते. दुसरा मार्ग ‘आपल्या रिपोर्टिंग मॅनेजरशी संपर्क साधा’ हा. त्या मॅनेजरने कॅरोसेल त्याच शुक्रवारी पावणेसातला पाहिलेली असते, तीही पार्किंगमधून. तेव्हा लोक ज्याला खरोखर विचारतात तो असतो चहाच्या मशीनपाशी सापडणारा पेरोलमधला मुलगा.

शहाणी कंपनी त्या मुलालाच अधिकृत करते. स्लाइडवर पेरोल डेस्कचा मजला, अंतर्गत फोन नंबर आणि बसण्याची वेळ लिहिते. रजेच्या प्रश्नांसाठी एकच ईमेल पत्ता देते, आणि तो नो-रिप्लाय नाही ना हे एकदा स्वतः मेल टाकून पाहते. मॅनेजरांना दहा-बारा प्रश्नोत्तरांचा कागद दोन दिवस आधी जातो. आणि तो पत्ता 31 डिसेंबरला बंद करीत नाही. घोषणेच्या दिवशी प्रश्न थोडे असतात. खरे प्रश्न जानेवारीचा पगार जमा झाल्यावर येतात, म्हणून पेरोलमधल्या त्या मुलाला फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पीएल मिळत नाही.