कॅमेऱ्याला रंग दिसतो, खोली दिसत नाही

घरच्या ग्रुपवर चेहऱ्याचा फोटो पडला की वैद्यांचा सुकाळ होतो. परवा आमच्या एका भाचीने दोन फोटो टाकले. पहिल्यात नाक इतक्या जवळून टिपलेलं की त्यावरचे काळे ठिपके मोजता यावेत. दुसऱ्यात जबड्याची कड, आणि तिथे थोडीशी लाली. मंडळी नाकावर तुटून पडली. मावशींनी बेसन सांगितलं, काकांनी पोट साफ ठेवायला सांगितलं, एका वहिनींनी नाकाला चिकटवायच्या पट्टीची लिंकच पाठवली. जबड्याबद्दल एकच शेरा आला: "उष्णता असेल."

निकाल नेमका उलटा हवा होता.

ब्लॅकहेड म्हणजे छिद्रात साचलेलं तेल आणि मेलेल्या पेशी. छिद्राचं तोंड उघडं असतं, म्हणून वरचा थर हवेने आणि त्वचेच्याच रंगद्रव्याने काळा पडतो. तो मळ नसतो, त्यामुळे घासून जात नाही. नुसती त्वचा सोलते. त्यातही नाकावरचे सारख्या अंतरावरचे करडे ठिपके बऱ्याचदा ब्लॅकहेडसुद्धा नसतात. तेल वर आणणाऱ्या त्या नेहमीच्या नळ्या. पट्टीने ओढून काढल्या तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात. पट्टीवाल्यांचा धंदा त्यावरच चालतो. असल्या ठिपक्यांसाठी डॉक्टरांकडे धावायची घाई नाही.

मधली पायरी पू धरलेल्या पुटकुळीची: वर पिवळट टोक, भोवती लाल कडं. ही फोटोत चांगली दिसते आणि बोटांना खुणावते. फोडली की पू थोडा बाहेर येतो, पण दाबाने छिद्राची भिंत आतल्या बाजूलाही फाटते आणि वरवरचा दाह खोल उतरतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर मागे तपकिरी डाग राहतो आणि महिनोन्महिने रेंगाळतो. डाग सपाट असेल तर तो ओसरतो. खड्डा पडला असेल तर तो व्रण, आणि तो आपोआप भरत नाही. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. खिडकीशी आडवं बसून, बाजूच्या उजेडात, मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढला तर खड्ड्याची सावली पडते. आणि हो, चेहरा "सुंदर" करणारं ते बटण आधी बंद करा. रोगी गोरा दिसून कुणाचं भलं व्हायचंय?

आता जबडा. भाचीला फोनवर विचारलं: बोट लावलं तर काय लागतं? म्हणाली, "आत वाटाण्याएवढी गाठ आहे मामा, कुशीवर झोपले तरी ठणकते. टोक नाही. तीन आठवडे झाले. शेजारी आणखी एक येतेय." फोटोतल्या लालीने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. अशी गाठ साधारण पाच मिलिमीटरच्या वरची असते आणि त्वचेच्या खालच्या थरात बसलेली असते. ती डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळते. तिला फोडायला तोंडच नसतं, वरून लावलेलं मलम एकटं तिला पुरत नाही, आणि ती जाताना व्रण ठेवून जाण्याची शक्यता पुटकुळीपेक्षा बरीच जास्त. त्वचारोगतज्ज्ञाची गरज इथे आहे. एखादी गाठ ते सुईने औषध देऊन बसवतात. गाठी वारंवार येत असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कित्येक महिने द्याव्या लागतात. त्याआधी यकृत आणि चरबीची रक्ततपासणी असते. गोळ्या चालू असताना गर्भ राहिला तर त्याला गंभीर व्यंग येऊ शकतं. हे औषध मैत्रिणीच्या पाकिटातून उसनं घ्यायचं नव्हे. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही सांगावं. मूळ हार्मोनमध्ये असू शकतं.

पुटकुळ्यांनाही सरसकट माफी नाही. मुरमांचं योग्य मलम रोज लावूनही दोन-तीन महिन्यांत फरक नसेल, किंवा खड्डे पडू लागले असतील, तर गाठीची वाट पाहू नये. मात्र दोन-तीन महिने म्हणजे खरोखर तेवढे. आठव्या दिवशी मलम बदलणाऱ्यांचा हिशेब यात धरलेला नाही.

एक प्रश्न ग्रुपवर कुणीच विचारला नाही: चेहऱ्याला सध्या काय लावतेस? "गोरं करणारी ट्यूब. दुकानदाराने दिली." दुकानात सहज मिळणाऱ्या अशा कित्येक मिश्र मलमांत स्टिरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, म्हणूनच ती खपतात. मग एकाच आकाराच्या बारीक पुळ्या उठतात, कातडी पातळ आणि लाल होते, आणि लावणं अचानक थांबवलं की चेहरा भडकतो. तो भडका पाहून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. म्हणून भाचीला सांगितलं, ट्यूब कचऱ्यात टाकू नकोस. पिशवीत घाल आणि सोबत ने. डॉक्टरांना तिच्या मागची बारीक अक्षरं वाचायची असतात.