वहिनींची गोधडी पुण्याला निघाली
"ताई, ऐकलं का? बाळाच्या गोधडीला पुण्याहून विचारणा आली!"

नळाचा दिवस होता. आमच्या सिडकोत नळाचा दिवस म्हणजे टाकी भरेपर्यंत सगळ्यांचं कुंपणाशी उभं राहणं आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्यांचं वाटप. शेजारच्या वहिनींच्या हातात मोबाइल आणि खांद्यावर ती गोधडी. त्यांचा हात पाहिलाय मी. कडेनं सुरू झालेला धावदोरा चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत येतो, आणि एकही टाका इकडचा तिकडे नाही.

"मग पाठवा की," मी म्हटलं.

"पाठवते हो, पण कशी? आणि किती सांगू? जाऊबाईंना 800 ला दिली होती. पोस्टाचे 100 धरले तर 900 सांगू का?"

समोरच्या मावशी तोपर्यंत बादली ठेवून आल्याच. "900 कशाला, 700 सांग. आधी गिऱ्हाईक बांधून घ्यावं!"

मी नोकरीभर पोस्टाच्या काउंटरवर लोकांची पार्सलं तोलली आहेत. लोक भाव आधी ठरवतात, पार्सल नंतर बांधतात आणि मग काउंटरवर येऊन माझ्याशी भांडतात. म्हणून म्हटलं, "वहिनी, भाव राहू द्या. आधी गोधडीची घडी घाला आणि घरातली पट्टी आणा."

त्यांनी घडी घातली, सुनेच्या ड्रेसचं एक रिकामं खोकं आणलं, त्यात गोधडी सैलसर ठेवली. खोकं 35 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 12 उंच. गोधडीचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर 700 ग्रॅम.

"म्हणजे किलोच्या आत," वहिनी खूश.

"तुमच्या काट्यावर. कुरिअरवाला खोकंही मोजतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000. येईल ते किलो. बहुतेक कुरिअर हाच हिशेब धरतात. प्रत्यक्ष वजन आणि हे आकाराचं वजन, यांतलं जे जास्त, त्याचे पैसे."

मावशींनी मोबाइलवर गुणाकार केला. 12600. भागिले 5000, म्हणजे 2.52 किलो.

"अगं बाई! 700 ग्रॅमची गोधडी अडीच किलो कशी झाली?"

"आतल्या हवेचं भाडं. आणि दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं असला, तर 2.52 चे 3 किलो धरतात."

मग आम्ही तिघींनी मिळून ती घडी पुन्हा घातली. गुडघ्यानं दाबून हवा काढली, सुती पट्टीनं आडवी-उभी बांधली. 30 बाय 24 बाय 6 झाली. 4320 भागिले 5000, म्हणजे 0.86. वेष्टनासह काट्यावर 780 ग्रॅम, म्हणजे आता एक किलोचा टप्पा. गोधडी तीच, पण तीन किलोचं भाडं एक किलोवर आलं. पट्टी मात्र बांधायचीच. नुसती प्लॅस्टिक पिशवी दाबून चिकटवली तर कापूस वाटेत फुगतो. तिकडे यंत्रावर पुन्हा माप घेतात आणि जास्तीचे पैसे आपल्या खात्यातून वळते होतात. बांधल्यावर मोजपट्टी लावलेला एक फोटो काढून ठेवावा. उद्या वाद झालाच तर तेवढाच आधार.

"बरं, आता भाव," वहिनी म्हणाल्या.

"कापड आणि दोरा?"

"300 धरा."

"वेष्टनाचे 40. आणि तास किती लागले?"

वहिनी गप्प. तास कुणी मोजतं का? दुपारी सिरियल बघताना, संध्याकाळी भाजी चढवून, असं करत झालेली गोधडी. बोटांवर मोजून शेवटी म्हणाल्या, "15 तरी."

"तासाला 50 रुपये धरूया. हे काही फार नाहीत. 750 झाले. म्हणजे घरातच 1090. जाऊबाईंना तुम्ही 800 ला दिली, तेव्हा कापड तुमचं, हात तुमचा आणि वरून 290 ही तुमचेच गेले."

मावशी हसून म्हणाल्या, "जाऊबाईंनी अजून 800 तरी दिलेत का?" तो विषय वहिनींनी ऐकूच न आल्यासारखा केला.

आता हीच गोधडी एखाद्या मोठ्या ॲपवर ठेवली तर? तिथं कमिशन, डिलिव्हरीचा खर्च आणि त्यांच्या फीवरचा जीएसटी कापून उरलेले पैसे बँकेत येतात. टक्का प्रत्येकाचा आणि प्रत्येक वस्तूचा वेगळा. समजा 15 टक्के धरला आणि किंमत 1500 ठेवली. 225 कमिशन, त्यावर 18 टक्क्यांनी साधारण 40, आणि डिलिव्हरीचे 120 धरा. हातात उरले 1115. त्यातून कापड-दोरा-वेष्टनाचे 340 काढले की 775. म्हणजे 1500 किंमत ठेवली तेव्हा कुठे तासाचे पन्नास सुटले. 900 ठेवली असती तर कापाकाप होऊन 621 आले असते. त्यातले 340 वजा केले तर 15 तासांचे 281 रुपये. मावशींच्या 700 चा हिशेब मी केलाच नाही, त्यांनीच विषय बदलला.

"पण 1500 ला कोण घेईल? त्या ॲपवर 400 ला मिळतात," वहिनी म्हणाल्या.

मिळतात, पण त्या यंत्रावरच्या. म्हणूनच माझं मत असं की पहिल्याच दिवशी मोठ्या ॲपवर जाऊ नये. तिथं तुमच्या हातच्या टाक्यांशेजारी यंत्राची गोधडी उभी राहते आणि बघणाऱ्याला दिसते ती फक्त किंमत. आधी व्हॉट्सॲप बिझनेसवर चार-पाच गोधड्यांची यादी लावावी. ओळखीतून ओळख, पैसे आधी यूपीआयवर, माल स्पीड पोस्टनं. कमिशन वाचतं, आणि गिऱ्हाईक काय विचारतं हेही कळतं. नोकरशाहीचा थोडा त्रास चालत असेल तर वस्त्र मंत्रालयाचं 'इंडियाहँडमेड' नावाचं पोर्टलही आहे. ते विणकर आणि कारागिरांसाठी आहे आणि त्यावर कमिशन नाही. कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं, तेही काढून ठेवावं.

"विचारणारी काय विचारते ते ऐका ना," वहिनींनी मोबाइल पुढे केला. तिकडून प्रश्न होता: बाळाला टोचणार नाही ना? रंग जातो का?

आपल्या शहरातलं हिमरूचं दुकान बघा. पर्यटक येतो, शालीवर हात फिरवतो, उलटी करून बघतो, मग पैसे काढतो. फोटोवर हात फिरवता येत नाही, म्हणून तो हात आपल्याला फोटोत घालावा लागतो. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता एक पूर्ण गोधडी, एक टाक्यांचा जवळून, एक मागची बाजू, एक शेजारी पट्टी ठेवून. माप सेंटिमीटरमध्ये आणि इंचातही. आत जुनी साडी वापरली असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, लपवायचं नाही. काही आया नवंच मऊ कापड मागतात, काहींना आजीची साडीच हवी असते. रंगाचं उत्तर घरीच मिळतं: पांढरा फडका ओला करून गडद तुकड्यावर घासायचा. फडक्यावर डाग आला की तो तुकडा बाळाच्या गोधडीत नको. पैठणीच्या काठाचे बटवेही वहिनी शिवतात. त्यांना बजावलं, यंत्रमागाचा काठ असेल तर 'पैठणी' असं मोघम लिहू नका. पैठणीला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि खरी पैठणी ओळखणारं गिऱ्हाईक नेमकं तेच विचारतं.

मावशींना एकदम आठवलं. "माझ्या भाचीनं क्रोशाची तोरणं विकली ना ऑनलाइन. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलं. निम्मी परत! म्हणे घरी कुणी नव्हतं, म्हणे मन बदललं."

यात नवल नाही. पैसे न देता मागवलेली वस्तू नाकारायला काही लागत नाही. माल परत येतो आणि जाण्या-येण्याच्या भाड्याचा भार बहुतेकदा विकणाऱ्यावर पडतो. 120 चे 240 होतात आणि तोरण चुरगळून येतं ते वेगळंच. नवख्यानं तरी ही सोय बंदच ठेवावी.

"आणि एकानं मला क्यूआर कोड पाठवला होता," वहिनी हळूच म्हणाल्या. "म्हणाला मिलिटरीत आहे, सहा गोधड्या हव्यात, हा स्कॅन करा म्हणजे पैसे येतील."

"केला नाहीत ना?"

"नाही बाई. पिन मागायला लागलं, तशी मी घाबरून बंदच केलं."

बरं केलंत. पैसे घेताना आपल्याला काही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. सहा गोधड्यांची घाई करणारा, भाव न विचारणारा आणि टाक्यांबद्दल एक शब्द न बोलणारा भेटला की समजून जावं.

तेवढ्यात मावशींनी हैदराबादच्या नणंदेचं काढलं. तिच्या सोसायटीत म्हणे गोधड्या खपतील. तिथं जरा थांबा म्हटलं. जीएसटी नंबर नसलेल्यांना ॲपवर विकायला 1 ऑक्टोबर 2023 पासून वाट मोकळी झाली. पण उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत हवी, पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायला हवा, आणि विक्री आपल्याच राज्यात. ॲपवरून हैदराबादला पाठवायचं तर नंबर काढावा लागतो. हाताच्या कलाकुसरीला थेट विक्रीत वेगळी सवलत आहे, पण तिच्या अटी सीएला विचारूनच. सध्या पुणं, नागपूर, नाशिक पुष्कळ आहे.

"मग पुण्याला स्पीड पोस्टच?"

हो. पत्ता गिऱ्हाइकाकडून लिहूनच मागवा, बोलून पाठवलेला नको. सोबत सहा आकडी पिनकोड आणि दोन मोबाइल नंबर. पिनचा एक आकडा चुकला की पार्सल भलत्याच गावचं पाणी पिऊन येतं. आत कागदावर दोन्ही पत्ते पुन्हा लिहून ठेवा, म्हणजे वरचं फाटलं तरी आतलं सापडेल. पावतीवर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN असा क्रमांक असतो. पावतीचा फोटो लगेच गिऱ्हाइकाला पाठवला की "कुठपर्यंत आलं" हे फोन निम्मे कमी होतात. काउंटरवर बसून मी ते सगळे ऐकलेत.

वहिनी टाइप करायला लागल्या, मावशी खांद्यावरून डोकावत राहिल्या. तिकडून नवा संदेश आला: गोधडीवर बाळाचं नाव भरून मिळेल का?

"मिळेल म्हणते," वहिनी म्हणाल्या.

"म्हणा, पण नाव मराठीत की इंग्रजीत, हे तिच्याच हातचं लिहून घ्या. आणि पूर्ण पैसे आधी. नाव घातलेली गोधडी परत आली तर दुसऱ्या कुणाला द्याल?"

मावशी म्हणाल्या, "आजकालची नावं तरी कळतात का? मागच्या आळीतल्या बाळाचं नाव बारशाला तीनदा विचारलं मी."

वहिनींनी लिहिलं: "गोधडी 90 बाय 110 सेंटिमीटर, नवं सुती कापड, हाताचा धावदोरा. किंमत 1300, नाव भरायचे 150, पोस्टाचा खर्च वजन करून कळवते. पैसे आल्यावर आठ दिवसांत निघेल." पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, आठचे दहा करा, मध्ये नळाचे दिवस येतात.