शेरेकाका

तुमच्याही ओळखीत असा एक गृहस्थ असणारच, ज्याला नळ गळताना दिसला की आधी पाना आठवत नाही, पट्टी आठवते. पट्टीने तो कागदावर सहा उभ्या रेघा मारतो, शेवटच्या रकान्यावर 'शेरा' असं लिहितो आणि मगच नळाखाली बादली ठेवतो. आमच्याकडे तो तळमजल्यावर राहतो. मी वर राहतो आणि दुर्दैवाने घराचा मालक आहे.

पनवेलच्या जुन्या गावठाणात वडिलांनी बांधलेलं हे दुमजली घर. काका वडिलांच्या काळापासूनचे भाडेकरू, भाडं महिना 1,200 रुपये. बांधकाम खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. दर मे महिन्यात त्यांचं पत्र येतं. येतं म्हणजे, ते आमच्या जिन्यापासून दहा पावलांवरच्या दारातून बाहेर पडतात, टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहतात आणि मला सही घेऊनच हाती दिलं जाणारं पत्र पाठवतात. दोन दिवसांनी पोस्टमन ते घेऊन काकांच्याच दारावरून वर येतो. "चहा घेऊन जा हो," काका त्याला म्हणतात, "वर सही झाली की."

पत्र दोन ओळींचं असतं. खरा मजकूर सोबतच्या तक्त्यात. मागच्या एका वर्षीचा हा तक्ता, जसाच्या तसा:

| क्र. | दुरुस्ती | अंदाजे खर्च (रु.) | मालक | भाडेकरू | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| 1 | वरच्या न्हाणीघराची फरशी काढून जाळीखालचा ट्रॅप बदलणे, वॉटरप्रूफिंग, नवी फरशी | 14,000 | 10,500 | 3,500 | गळती वर, पूजा खाली |
| 2 | खालच्या छताचं प्लास्टर, रंग | 3,400 | 1,700 | 1,700 | देवघरावर पोपडे पडतात |
| 3 | स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर | 150 | 0 | 150 | माझ्या हातचा जोर |
| 4 | जिन्यातला दिवा व वायर | 450 | 225 | 225 | अंधार सामायिक |
| | एकूण | 18,000 | 12,425 | 5,575 | बेरीज तपासली आहे |

मी तक्ता घेऊन तावातावाने खाली गेलो. "काका, ही ओल पावसाची आहे. भिंतीतून येते."

काकांनी काही न बोलता टॉर्च छताकडे धरला. तिथे ओलीच्या डागाभोवती पेन्सिलीने एकात एक वर्तुळं काढलेली होती आणि प्रत्येकावर तारीख. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. "पावसाची ओल दसऱ्यानंतर सुकायला लागते, मालक. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या भागातच थांबते आणि भिंतीला पांढरा लोणा धरतो. ही छताला आहे, आणि एप्रिलात वाढली आहे. एप्रिलात आकाशातून काय पडतं?"

तरी मी मान्य करेना. तेव्हा त्यांनी मला नीळ दिली. चार बादल्या पाण्यात कालवून न्हाणीघराच्या जाळीत ओतायची, आणि वाट पाहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "मालक, दर्शनाला या!" देवघराच्या बरोब्बर वर, मधल्या वर्तुळात, निळसर थेंब लोंबत होता. खाली बाळकृष्ण हसत होता. काकांनी तारीख लिहिली आणि शेऱ्यात भर घातली: 'रंग जुळला.'

पुरावा झाला, आता पैशाचं. मला वाटलं होतं, काका कायदा काढतील. त्यांनी काढलाच, पण उलट्या बाजूने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. भाडेकरूने नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत मालक हलला नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. जमाखर्च आणि पावत्या जपल्या की तोच पुरावा.

"मग कापा की," मी म्हणालो.

"किती कापू? एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या पावपटीपेक्षा जास्त कापता येत नाही. तुमचं वर्षाचं भाडं 14,400. त्याची चौथाई 3,600. खर्च 18,000. म्हणजे पाच वर्षं मी कापत बसणार, तुम्ही तोंड फुगवून बसणार. त्यापेक्षा आजच वाटून घेऊ. मी पंचाहत्तरीला आलोय. माझ्याकडे पाच वर्षं कापायला आहेत, पण वाया घालवायला नाहीत."

तेव्हा मला तो तक्ता कळला. तो हक्काचा कागद नव्हता. हक्काने जेवढं मिळतं ते पुरत नाही, म्हणून मांडलेली वाटाघाट होती. जे घर जुनं झाल्यामुळे बिघडलं, ते बहुतेक मालकाकडे. जे हाताने झिजलं, ते भाडेकरूकडे. जे दोघं वापरतात, ते निम्मं. आणि वॉशरचे दीडशे रुपये, जे मी सहज दिले असते, ते मुद्दाम स्वतःकडे, म्हणजे बाकीचे आकडे मला खोटे वाटू नयेत.

काम सुरू झालं. मिस्त्री संध्याकाळी फरशी बसवायला निघाला, तर काका जिना चढून वर. "आधी पाणी कोंडा!" जाळी बंद करून न्हाणीघरात चार बोटं पाणी चोवीस तास उभं ठेवायचं. फरशीनंतर गळती सापडली तर पुन्हा सगळं फोडा, म्हणून आधी. रात्रभर ते खाली खुर्ची टाकून टॉर्च घेऊन बसले. पहाटे चारला आरोळी आली. पाइप स्लॅबमधून जातो तिथला सांधा पाझरत होता. मिस्त्री त्यांना मनातल्या मनात काय म्हणाला, ते कुठल्याच रकान्यात बसलं नसतं. पण सांधा पुन्हा भरला, पाणी पुन्हा कोंडलं, आणि छत आजतागायत कोरडं आहे.

माझी बायको त्यांना शेरेकाका म्हणते. पूर्वी वैतागून म्हणायची. मग ती आजारी पडली, आम्ही दोन महिने दवाखान्याच्या फेऱ्यांत होतो, आणि त्याही मे महिन्यात पत्र आलं. मी ते रागाने फोडलं. तीन कामं होती, मालकाच्या रकान्यात तीन शून्यं. शेरा: 'मालकांचे पैसे सध्या दवाखान्यात. कामे उरकली आहेत.' नंतर मी पैसे घेऊन गेलो, तर काकांनी पाकीट परत केलं. त्यावर लिहिलं होतं, 'मुदतबाह्य.'

यंदा मे संपत आला तरी पत्र नाही. मला चैन पडेना. खाली गेलो, तर डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन, वाचायला-लिहायला मनाई. "जिन्याची दुसरी पायरी हलते," ते म्हणाले, "पण यंदा राहू द्या."

मी पट्टी मागितली. सहा रेघा मारल्या. त्यांनी सांगितलं, मी मलाच उद्देशून लिहिलं: महोदय, आपल्या मालकीच्या घरातील. पायरी, 900 रुपये, निम्मे-निम्मे. शेऱ्याशी पेन थांबलं.

"काय लिहू?"

"तुम्हीच लिहा. इतक्या वर्षांत शिकलात ना काही?"

मी लिहिलं, 'दोघांचेही पाय जपावेत.' त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "जरा लांबलाय. पण चालेल. आता टाकून या."

रांगेत अकरा माणसं होती. खिडकीवरच्या बाईंनी पाकिटावरचे दोन पत्ते वाचले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोचपावती हवी?"

"हवीच," मी म्हणालो.