रिग्रेट न पाठवणाऱ्या शेठना खुलं पत्र

प्रिय शेठ,

परवा तुमचा फोन आला. "साहेब, नव्या लाइनची आरएफपी निघाली म्हणे. आम्हाला कशी नाही आली?" तुमच्या आवाजातला दुखावलेपणा ऐकून मला गहिवरूनच आलं. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट आठवते का? पॅकिंग विभागासाठी १२ मीटरचा चढता कन्व्हेअर हवा होता आणि तो दिवाळीच्या सहा दिवसांच्या शटडाउनमध्ये बसवायचा होता. ३ तारखेला तीन पार्ट्यांना आरएफपी गेली. भाग घेणार की नाही, एवढंच ६ तारखेपर्यंत कळवायचं होतं. तुम्ही काही कळवलं नाहीत, पण १० तारखेच्या प्री-बिड मीटिंगला मात्र दोन इंजिनिअर घेऊन हजर झालात. मोटरच्या गिअरबॉक्सपासून पेंटच्या शेडपर्यंत चौदा शंका विचारल्यात. त्यांची उत्तरं काढायला आमच्या डिझाइनवाल्याला दोन दिवस लागले. कँटीनच्या पुलावाचंही तुम्ही कौतुक केलंत. मग २४ तारीख आली, दुपारचे तीन वाजले आणि तुमच्याकडून शांतता. फोन केला तर "मालक बाहेर आहेत." आवाज तुमचाच होता.

तीन दर हातात असल्याशिवाय आमच्याकडे कंपॅरेटिव्हवर सही होत नाही. आले दोन. मग दहा दिवसांची मुदतवाढ, नवी पार्टी, पुन्हा तेच ड्रॉइंग, पुन्हा त्याच शंका. शटडाउन हुकला. कन्व्हेअर शेवटी रविवारी रविवारी तुकड्यातुकड्यांनी बसला आणि प्रॉडक्शनवाले अजून माझ्याकडे बघून घसा खाकरतात.

आता त्याच यादीतल्या कुपवाडच्या पार्टीचं ऐका. आरएफपी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा मेल आला: "आमचं शॉप डिसेंबरअखेर भरलेलं आहे, त्यामुळे दिवाळीच्या शटडाउनमध्ये बसवून देणं जमणार नाही. या वेळी रिग्रेट. जानेवारीनंतरच्या कामांसाठी आणि १० मीटरपर्यंतच्या बेल्ट कन्व्हेअरसाठी जरूर विचारा. तुमची ड्रॉइंग आमच्याकडून काढून टाकली आहेत." त्यांनी पोर्टलवर 'डिक्लाइन'ही केलं. ते महत्त्वाचं, कारण मेल मी वाचतो, पण सिस्टिम तो वाचत नाही. बटण दाबलं नाही तर नावापुढे 'नो रिस्पॉन्स' लागतो आणि असे तीन लागले की आमच्याकडे व्हेंडर कोड आपोआप ब्लॉक होतो. कुपवाडकरांचा नकार वेळेत आला, म्हणून त्यांच्या जागी नाशिकची पार्टी घेता आली. जानेवारीत आठ मीटरचं काम निघालं तेव्हा पहिला मेल कुपवाडला गेला.

तुमचं म्हणणं असं की नाही म्हटलं तर नाव कापलं जाईल. अगदीच खोटं नाही ते. पाचांपैकी पाच वेळा रिग्रेट आलं तर आम्हीही विचारणं सोडतो. म्हणूनच काय जमतं आणि कधी जमतं हे त्या मेलमध्येच लिहायचं असतं. शिवाय कारण खरं दिलं तर कधीकधी अटच बदलते. नंतर तुम्ही चहाच्या टपरीवर कुणाला तरी म्हणालात की आमचं ९० दिवसांचं पेमेंट परवडत नाही. अहो, तुमचा उद्योग लघु म्हणून नोंदलेला आहे. एमएसएमई कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे आम्हाला जाताच येत नाही. ४ तारखेला एवढं लिहिलं असतंत, तर आमचीच चूक आम्हाला खाली मान घालून दुरुस्त करावी लागली असती. टपरीवाल्याला ती दुरुस्त करता येत नाही.

त्याआधीच्या वर्षी तर तुम्ही याहून उदार होतात. काम नको होतं, पण नाही म्हणायचा संकोच, म्हणून इतरांचे दर १९ लाखांच्या आसपास असताना तुम्ही ३८ लाख टाकलेत. तो आकडा फाइलमध्ये तुमचा दर म्हणून बसला आहे. पुढच्या कामाची यादी करताना डिझाइनचे साहेब तो पाहतात आणि तुमच्या नावावर पेन्सिलीने काट मारतात. एक विचारू? तो आकडा टाकण्याआधी दुसऱ्या पार्टीला फोन केला नव्हता ना, की "तुम्ही घ्या, मी वरचा टाकतो"? केला असेल तर सांगू नका. स्पर्धा कायद्यात त्याला संगनमताची बोली म्हणतात, आणि मग प्रकरण माझ्या टेबलावर थांबत नाही.

तर, तुमचा कोड सध्या ब्लॉक आहे. उघडायचा फॉर्म सात पानांचा आहे. सोबत जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक आणि गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद जोडा. चौथ्या पानावर एक रकाना आहे: 'मागील चौकशीस प्रतिसाद न देण्याचे कारण.' तिथे "मालक बाहेर होते" असं लिहू नका, फॉर्म मीच तपासतो.

तुमचा,
पर्चेसवाला

ता. क. नव्या लाइनच्या प्री-बिडला या वेळी पुलाव नाही, मिसळ आहे.