नाक दाबलं की…

सर्दीचा पाचवा दिवस फसवा असतो. पहिले दोन दिवस नाक नळासारखं वाहतं तेव्हा आपण निदान सावध असतो. पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट होतो, डोकं हलकं वाटतं आणि आता कामावर जायला हरकत नाही असं वाटून आपण आरशासमोर उभे राहून शेवटचं म्हणून जोरात नाक शिंकरतो. मागच्या डिसेंबरात मी नेमकं हेच केलं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. रुमाल उघडून पाहिला तर त्यात लाल, आणि शर्टाच्या खिशावर टप टप दोन थेंब.

"घोळणा फुटला!" आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. तिनं अजून पाहिलंही नव्हतं, पण मी ज्या सुरात "अगं" म्हणालो त्यावरून तिला कळलं.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत घरानं माझ्यावर यच्चयावत उपचार केले. आईनं डोक्यावर गार पाणी थापलं. बायकोनं "अहो, मान वर करा, वर" म्हणत माझं तोंड पंख्याकडे केलं आणि नाकाच्या शेंड्याऐवजी जिथे चष्मा टेकतो तिथे चिमटीत धरलं. शेजारच्या काकू फोडलेला कांदा घेऊन आल्या. नाकाने कांदे सोलणारे पुण्यात पुष्कळ, पण रक्ताळलेल्या नाकानं कांदा हुंगणारा मी पहिलाच असेन. डोळ्यांतून पाणी आलं, रक्त होतं तसंच राहिलं. बाहेर येणं मात्र थांबलं, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. ते घशातून आत चाललं होतं हे फक्त मला कळत होतं. थोड्याच वेळात मळमळायला लागलं. पोटात गेलेलं रक्त पोटाला मानवत नाही, ते उलटीवाटे परत येतं. आणि मग रक्ताची उलटी झाली म्हणून घरात जो हलकल्लोळ उडतो, तो वेगळाच.

शेवटी पुतणीला व्हिडिओ कॉल लावला. ती नागपूरला एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं आधी कांदा दिसेनासा करायला लावला.

"काका, मान वर नाही, खाली. खुर्चीत ताठ बसा आणि पुढे वाका, ताटावर वाकता तसं. तोंडात आलेलं थुंका, गिळू नका."

"आणि काकू, ते हाड सोडा. हाड दाबून काय होणार? खाली मऊ भाग आहे ना, दोन्ही नाकपुड्या, त्या अंगठा आणि बोटात घट्ट धरा. काका, तोंडानं श्वास घ्या."

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण ज्यानं केली त्याला प्रथमोपचार नक्की येत असणार.

"आता दहा मिनिटं. घड्याळ लावून. मध्ये सोडून बघायचं नाही."

सगळं अवघड आहे ते या शेवटच्या वाक्यात. दाबण्याला ताकद लागत नाही, न बघण्याला लागते. तिसऱ्या मिनिटाला मला वाटलं, थांबलं असेल. जरासं बोट सैल केलं आणि पुन्हा धार. पुतणीनं पलीकडून शांतपणे घड्याळ शून्यावर आणलं. रक्ताची गुठळी धरायला काही मिनिटं लागतात. आपण डोकावून पाहतो तेव्हा ती अर्धी झालेली असते आणि आपण तीच उखडतो. भात शिजलाय का म्हणून कुकरचं झाकण काढण्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर इस्त्रीवाला आला. "साहेब, कपडे आहेत का?" त्यानं दारातून विचारलं. नाक बंद असलं की न आणि म उच्चारता येत नाहीत. त्यांचे द आणि ब होतात. मी म्हणालो, "दाही."

"दहा? द्या की मग."

हसू आलं की पकड सुटते, हेही तेव्हाच कळलं. पण या वेळी सोडली नाही. दहा मिनिटं झाली, तरी थोडं पाझरत होतं म्हणून आणखी दहा मिनिटं धरलं. मग थांबलं.

"इतकं कुठून आलं गं?" मी नंतर विचारलं. ती म्हणाली, दिसतं त्यापेक्षा कमीच असतं. चमचाभर रक्तानं रुमाल भरतो. येतं ते नाकाच्या मधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागातून, बोट घातलं की टोक जिथे पोचतं तिथून. चार-पाच रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या तिथे एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांच्यावर पांघरूण म्हणून पातळ अस्तर तेवढं. या जागेला लिटल्स एरिया म्हणतात. मला वाटलं, लहानशी जागा म्हणून लिटल. पण लिटल हे एका अमेरिकन शल्यविशारदाचं नाव. त्यानं 1879 साली तिचं वर्णन केलं. बहुतेक घोळणे तिथलेच. सर्दीत हे अस्तर सुजतं, त्यातल्या वाहिन्या फुगतात. वर डिसेंबरची कोरडी हवा आणि रात्रभर फिरणारा पंखा. अस्तर वाळतं, त्यावर खपली धरते आणि आपण दिवसातून तीसदा रुमालानं ती घासतो. पाचव्या दिवशीची माझी ती शेवटची शिंकर खपलीसकट बाहेर आली होती, इतकंच.

म्हणून थांबल्यावरचा दिवस जास्त महत्त्वाचा. तो पूर्ण दिवस नाक शिंकरायचं नाही. आलेलं नुसतं टिपायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वाकून बादली उचलायची नाही, वाफाळता चहा थोडा निवू द्यायचा. हा चहा मला सर्वांत जड गेला. नाकातली खपली खुणावत असते, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. पुढचे आठ-दहा दिवस मेडिकलमधले मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून तीन-चारदा, आणि रात्री झोपताना मटारच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली प्रत्येक नाकपुडीत अगदी पुढेच लावून बाहेरून हलकं चोळायचं. सर्दीचा झोंबणारा बाम मात्र आत नको. आणि सर्दी असेपर्यंत शिंकरायचंच झालं तर एकेक नाकपुडी, हळू. शंख फुंकतो तसं नाही.

हे सगळं साध्या घोळण्यापुरतं. अर्धा तास नीट दाबूनही थांबत नसेल, धार जोराची असेल, चक्कर येत असेल, डोक्याला मार लागून रक्त आलं असेल किंवा माणूस रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर पुतणीला फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, तोवर नाक दाबूनच. वरचेवर फुटत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं; ती वाहिनी दिसली तर ते सिल्व्हर नायट्रेटनं तिथल्या तिथे डागतात.

काकूंचा कांदा संध्याकाळी पोह्यांत गेला. शर्टाचं म्हणाल तर आईनं तो घाईघाईत गरम पाण्यात टाकला होता. तुमच्यावर वेळ आली तर गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो.