सुतकी कपाट आणि मोहरी ओढणी

रेडीमेड थ्री-पीस सेट हा आपल्या संसारातला सगळ्यात एकनिष्ठ प्राणी असावा. त्यातली ओढणी दुसऱ्या कुठल्या कुर्त्याकडे मान वर करून बघत नाही. सलवार त्याहून सोवळी. कुर्ता काखेत उसवला, की उरलेली दोघं कपाटाच्या खालच्या खणात वानप्रस्थाला जातात. माझ्याकडे असे वानप्रस्थी इतके साठले होते, की ‘घालायला काही नाही’ हे वाक्य मी रोज सकाळी कपाटाच्या दाराला पाठ लावूनच म्हणायचे. पाठ काढली, तर दार उघडून सगळं अंगावर आलं असतं.

यावरचा तोडगा काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अंगावरचा बराचसा भाग गप्प रंगाचा ठेवायचा आणि एकच रंग बोलका, तोही थोडा. गप्प म्हणजे काळा, नेव्ही, करडा, बदामी, पांढरा. यातल्या पांढऱ्याला वगळून बाकीच्यांना आई ‘मळखाऊ’ म्हणायची आणि माझे शाळेचे सगळे स्वेटर त्यातूनच निवडायची.

बोलका रंग निवडायला कुणाला शिकवावं लागत नाही. राणी, डाळिंबी, मोरपंखी, पोपटी. नुसती नावं घेतली तरी हात पाकिटाकडे जातो. घोळ होतो तो गप्प रंगांत.

पहिला घोळ काळा आणि नेव्ही यांचा. घरातल्या ट्यूबलाइटखाली हे दोघे जुळे भाऊ असतात. प्लॅटफॉर्मवर ऊन लागलं, की एक निळा निघतो, दुसरा काळा, आणि बाई अंधारात कपडे घालून आलेली दिसते. मॅचिंग सेंटरवाला ब्लाउजपीस दाखवताना तो हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर का येतो, हे तिथं कळतं. त्यामुळे गडद रंग एकच ठेवायचा. दोघांना एका कपाटात नांदू द्यायचं नाही. मी नेव्ही ठेवला, कारण काळा स्वतःशीसुद्धा जुळत नाही. सुती लेगिंग धुऊन-धुऊन आणि उन्हात वाळून विटते, गुडघ्यावर आधी, मग सगळीकडे. पॉलिएस्टरचा कुर्ता मात्र वर्षानुवर्षं तसाच काळाकुट्ट. दोन्ही एकत्र घातले, की लेगिंग मोठ्या बहिणीची उतरलेली वाटते. नेव्हीही विटतो, पण त्याला लोक जीन्ससारखा समजून माफ करतात. उलटा करून धुवावा, सावलीत वाळवावा, म्हणजे माफीची वेळ लांबते.

दुसरा घोळ पांढऱ्याचा. पांढरे दोन प्रकारचे: एक नीळ घातल्यासारखा निळसर, दुसरा मोतिया, पिवळसर. वेगवेगळे बघितले तर दोन्ही पांढरेच. शेजारी ठेवले, की मोतिया मळका दिसायला लागतो. स्वच्छ धुतलेल्या मोतिया कुर्त्यावर शुभ्र लेगिंग घातली आणि ऑफिसात मैत्रिणीने हळूच विचारलं, “चहा सांडला का गं?” कोऱ्या कागदाशेजारी कापड धरून खिडकीत बघितलं, की कोण कुठल्या घराण्यातला ते लगेच समजतं. मोतियाबरोबर बदामी, मोहरी, विटकरी सुखात राहतात. निळसर पांढऱ्याला करडा आणि राणी मानवतात.

आता बोलका रंग. तो एकाच ठिकाणी हवा, फार तर दोन, आणि त्यातलं एक चेहऱ्याजवळ. कारण समोरचा माणूस आपल्या तोंडाकडे बघून बोलतो, चपलेकडे नाही. (बघत असेल, तर प्रश्न कपड्यांचा नाही.) आपल्याकडे ओढणी हे या कामाचं मोठं हत्यार आहे, पण अडीच मीटरचं कापड म्हणजे ‘थोडा’ रंग नव्हे. ते अंगावर आलं, की रंगाचा कोटा संपला. आपलं मराठी मन इथं थांबत नाही. मोहरी ओढणी, म्हणून मोहरी बांगड्या, मोहरी कानातले, मोहरी टिकली, आणि मोहरी चप्पल मिळाली नाही म्हणून दिवसभर हळहळ. एवढं झालं, की त्याला फोडणी म्हणतात.

माझ्या कपाटाचा सध्याचा कारभार असा: कुर्ते तीन, नेव्ही, करडा आणि मोतिया. खाली दोन, एक नेव्ही पँट, एक बदामी. ओढण्या दोन, मोहरी आणि विटकरी. हिशेबाने बारा जोड्या होतात. त्यातली नेव्हीवर नेव्ही एखाद्या सोसायटीच्या सुरक्षा विभागासारखी दिसेल अशी भीती होती, पण मोहरी ओढणी पडली, की तीच सगळ्यात उठून दिसते. करड्यावर बदामी मात्र मरगळलेली. दोघेही गप्प आणि दोघेही सारख्याच उजळपणाचे, त्यामुळे कुर्ता कुठे संपतो तेच कळत नाही. ती जोडी मी बाद केली. उरल्या त्या जोड्यांत सकाळी विचार फक्त एकच: आज मोहरी की विटकरी? याचं उत्तर दात घासताना मिळतं.

दोन्ही ओढण्या कंटाळवाण्या झाल्या, तर अजरखची एक घ्यावी. तिच्यात नीळ, मंजिष्ठेचा लाल, काळा, पांढरा असे सगळे आधीच भांडून-तंडून एकत्र बसलेले असतात, त्यामुळे नेव्हीवर ती हमखास चालते. फक्त नव्या लाल ओढणीचा ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर घासून बघावा. रुमाल गुलाबी झाला, तर ती ओढणी मोतिया कुर्त्याच्या वाटेला जाऊ द्यायची नाही. ऑक्टोबरच्या घामात गर्दीच्या डब्यात ती रंग सोडते, आणि तोही फक्त आपल्या नाही, शेजारणीच्याही कुर्त्यावर. त्यानंतर होणारा संवाद कुठल्याही रंगाच्या पुस्तकात नसतो.

नवऱ्याला हे सगळं समजावलं, तर तो म्हणाला, “मी हे कॉलेजपासून करतोय.” त्याच्याकडे खरंच सगळं करडं, काळं आणि बदामी आहे. बोलका रंग कुठाय असं विचारल्यावर त्याने पेनाची लाल टोपी दाखवली.

पद्धत रोजच्या कामाची आहे. लग्नात ती चालवू नये. मी एकदा भाचीच्या हळदीला करड्या कुर्त्यात गेले. आत्याने आधी माझ्याकडे, मग दाराकडे बघितलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “कोण गं? कधी?” गळ्यातली विटकरी ओढणी ओढून दाखवली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. नवरात्रातही उपयोग नाही. तिथं रंग पेपरवाले ठरवतात, आणि सगळा डबा डोक्यापासून पायापर्यंत त्या एकाच रंगात न्हालेला असतो. मात्र त्या यादीत करडा आला, की बायका आदल्या रात्री सोसायटीभर करडं काही मिळतंय का विचारत हिंडतात. त्या रात्री आमच्या दाराची बेल थांबत नाही.

सासूबाई हे सगळं सोफ्यावरून ऐकत होत्या. त्यांच्या ट्रंकेत एक काळी चंद्रकळा आहे, लाल काठाची, दर संक्रांतीला बाहेर निघणारी. “सगळं काळं, काठाला तेवढं लाल,” त्या म्हणाल्या, “आणि आम्हाला त्याला एवढं बोलावं लागत नव्हतं.”